न विकलेले वीस पंखे

वाणिज्य शाखेच्या त्या बाईंना मुलं कारणबाई म्हणत, आणि हे बाईंना पक्कं माहीत होतं. नाव ठेवायला मुलांना फार डोकं लावावं लागलं नसणार. बाईंच्या प्रत्येक वर्कशीटवर उजवीकडे एक जास्तीचा रकाना आखलेला असे आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असे ‘कारण’. आकडा बरोबर आला, पण कारण लिहिलं नाही, तर गुण गेले. कारण लिहिलं, पण अर्धवट लिहिलं, तर बाईंचं ठरलेलं वाक्य येई, “अर्ध्या कारणाला अर्धे गुण.” जीएसटीचं बिल करताना एखाद्याने आधी कर लावून मग सूट वजा केली, की बाई त्याला उभं करून विचारत, बाबा रे, जी किंमत दुकानदाराने घेतलीच नाही तिच्यावर कर कशाचा? तो बिचारा फळ्याकडे बघत राही. बाई उत्तर येईपर्यंत त्याला खाली बसू देत नसत.

थोडक्यात, बाई छळवादी होत्या. पण त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर सूट, करपात्र मूल्य आणि कर हा क्रम मरेपर्यंत विसरत नसे. घरी नवरा गमतीने म्हणे की आमच्याकडे भाजी खारट झाली तरी कारण लेखी द्यावं लागतं. बाई हसत नसत, कारण भाजी बहुतेक वेळा त्यांनीच केलेली असे.

अशा बाईंच्या गळ्यात त्या वर्षी वर्कशीट सात पडलं. ते त्यांनी केलेलं नव्हतं, विभागप्रमुखांनी केलेलं होतं; बाईंनी त्यावर फक्त आपला कारणाचा रकाना आखून घेतला. विभागप्रमुखांना शाळेत शिल्लकसर म्हणत. सगळी हयात त्यांनी जमाखर्च शिकवण्यात घालवली आणि वर्षअखेरची मालाची शिल्लक हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. माल पडून आहे म्हटलं की सरांचे डोळे चमकत. माणूस सज्जन, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला, आणि एकदा ठरवलं की हलवायला क्रेन लागावी असा.

वर्कशीटमधला शेवटचा प्रश्न पाच गुणांचा होता. एका दुकानदाराने महिन्यात दोन हजार रुपयांचा एक, असे पन्नास पंखे घेतले. त्यातले तीस पंखे त्याच महिन्यात सव्वीसशेने विकले. जीएसटीचा दर खरेदीला आणि विक्रीला अठरा टक्के, किमती कर सोडून. त्या महिन्यात सरकारला किती कर भरायचा? सरांनी सोबत उत्तरसूची दिली होती. विक्री अठ्ठ्याहत्तर हजार, त्यावर गिऱ्हाइकांकडून घेतलेला आउटपुट टॅक्स चौदा हजार चाळीस. विकलेल्या तीस पंख्यांची खरेदी साठ हजार, त्यावर आधीच दिलेला इनपुट टॅक्स दहा हजार आठशे. वजाबाकी करून देय कर तीन हजार दोनशे चाळीस. सरांनी तिन्ही तुकड्या सभागृहात बसवून अशाच गणिताची उजळणीही घेतली होती, त्यामुळे पोरांनी ते पाठ करूनच टाकलं होतं.

या वर्कशीटला एरवीपेक्षा जास्त वजन होतं. पुढच्या वर्षी ‘कर’ हा वेगळा विषय सुरू व्हायचा होता आणि तो संगणकाच्या खोलीत शिकवणार होते. खोलीत जेवढे संगणक तेवढीच मुलं. वर्षभराच्या वर्कशीटचे गुण मिळवून यादी लागणार होती आणि सात नंबर हे शेवटचं वर्कशीट होतं.

बाईंच्या वर्गातली एक मुलगी त्या यादीच्या उंबरठ्यावर होती. तिला सगळे पेनवाली म्हणत, कारण ती गणित कधी पेन्सिलीने कच्चं करत नसे, थेट पेनाने लिही, आणि सहसा खोडावं लागत नसे. तिची आई रंगाच्या दुकानात बिलं करायला बसे. दर महिन्याला आई बिलांची फाइल घेऊन वरच्या मजल्यावरच्या कर सल्लागाराकडे जाई आणि बाहेरच्या बाकावर ताटकळत बसे. पेनवालीला त्या ऑफिसात आतल्या बाजूच्या खुर्चीवर बसायचं होतं. हे तिने एकदा निबंधात लिहिलं होतं आणि बाईंनी वाचलं होतं. कर हा विषय मिळाला तर तो रस्ता सुरू होणार होता. न मिळाला तर तिला टंकलेखनाच्या तुकडीत बसावं लागणार होतं, आणि ते तिला मुळीच नको होतं.

वर्कशीट तपासायच्या दिवशी बाईंचं डोकं दुखत होतं. शिक्षकांच्या खोलीतला पंखा कटकट आवाज करत होता, गुण दुपारपर्यंत ऑफिसात द्यायचे होते, आणि गठ्ठा संपता संपत नव्हता. बाई उत्तरसूची शेजारी ठेवून भराभर आकडे जुळवत होत्या. तीन हजार दोनशे चाळीस, बरोबर. तीन हजार दोनशे चाळीस, बरोबर. मग एका कागदावर आलं: देय कर शून्य, पुढे ओढायचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या महिन्यात वजा करायचा कर, तीन हजार नऊशे साठ. बाईंनी आउटपुट टॅक्सचे दोन गुण दिले, खाली लाल फुली मारली, पाचातले दोन लिहिले आणि कागद उलटला. कारणाचा रकाना त्यांनी वाचला नाही. वर्षानुवर्षं पोरांना ज्या रकान्यापायी रडवलं, तोच त्या दिवशी बाईंनी सोडून दिला.

शाळेचा एक नियम होता. ज्याचं उत्तर चुकलं त्याने उत्तरसूची बघून तेच गणित तीनदा दुरुस्त करून लिहायचं आणि बाईंची सही घ्यायची. पेनवालीने दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा कागद आणला, उजवा रकाना त्यावर कोराच होता. ती काहीतरी विचारायला तोंड उघडत होती, पण मागे रांग होती आणि घंटा झाली होती. बाईंनी तीनदा लिहिलेलं तीन हजार दोनशे चाळीस बघितलं, सही ठोकली आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी लक्ष दे गं. मुलीने मान डोलावली.

त्या संध्याकाळी बाई गठ्ठा बांधत होत्या, तेव्हा पेनवालीचं मूळ वर्कशीट वरच राहिलं होतं. दोरा बांधताना सवयीने डोळा उजव्या रकान्याकडे गेला. तिथे निळ्या पेनाने लिहिलं होतं, “कारण: दुकानदाराने पन्नास पंख्यांचं बिल घेतलं आणि कर पन्नासांवर दिला. एक लाखावर अठरा हजार. त्यातले किती विकले हे त्या बिलाला माहीत नाही.”

बाई खाली बसल्या. त्यांनी दोरा सोडला, पाठ्यपुस्तक काढलं आणि इनपुट टॅक्सचं प्रकरण पहिल्यापासून वाचलं. हाती बिल हवं, माल ताब्यात आलेला हवा, तो धंद्यासाठी हवा, आणि विक्रेत्याने तो कर रीतसर दाखवून भरलेला हवा. तो माल विकला गेलेला हवा, असं कुठेच नव्हतं. दुकानदाराच्या हातात अठरा हजारांचं क्रेडिट होतं, द्यायचे होते चौदा हजार चाळीस. मग भरायचं काय? काहीच नाही. वर तीन हजार नऊशे साठ पुढच्या महिन्यासाठी शिल्लक. मुलगी पुऱ्या पाच गुणांची धनी होती आणि बाईंनी तिच्या तीन गुणांवर फुली मारून ठेवली होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि राग काढायला समोर त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

सरांची चूक कुठे झाली तेही बाईंच्या लगेच लक्षात आलं. ही चूक दुकानदार करणार नाही, ती जमाखर्चाचा मास्तरच करू शकतो. नफा काढताना विकलेल्या मालाचाच खर्च धरायचा आणि पडलेला माल शिल्लक म्हणून पुढे न्यायचा, हे सरांच्या हाडीमासी खिळलेलं. त्यांनी कराचीही तशीच शिल्लक काढली. पण कर नफ्यावर नव्हताच, तो बिलावर होता.

दुसऱ्या दिवशी बाई सरांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि कागद पुढे ठेवला. सरांनी चष्मा पुसला, शांतपणे वाचलं आणि विचारलं की वीस पंखे गोदामात धूळ खात पडलेत, त्यांचा कर आत्ताच कसा वजा करायचा? बाई म्हणाल्या, सर, भरलाय तो कर, बिलावर आहे. सरांनी मग कागद घेतला आणि पुढच्या महिन्याचं गणित मांडलं. उरलेले वीस पंखे त्याच भावाने गेले, विक्री बावन्न हजार, कर नऊ हजार तीनशे साठ. बाईंच्या पद्धतीने त्यातून तीन हजार नऊशे साठ वजा, भरायचे पाच हजार चारशे. सरांच्या पद्धतीने वीस पंख्यांचे सात हजार दोनशे वजा, भरायचे दोन हजार एकशे साठ, आणि आधीच्या महिन्याचे तीन हजार दोनशे चाळीस धरले की झाले पाच हजार चारशे. सरांनी दोन्ही बेरजांखाली दुहेरी रेघ मारली.

“बघा बाई, शेवटी तेवढेच. मग भांडण कशाचं?” सर म्हणाले.

“प्रश्नात शेवटी विचारलेलंच नाही, सर. त्या महिन्यात किती, असं विचारलंय. त्या महिन्यात तुम्ही त्या माणसाच्या खिशातून तीन हजार दोनशे चाळीस काढताय, आणि तो देणं लागत नाही.”

सरांनी दुहेरी रेघेवरून पेन पुन्हा एकदा फिरवलं. त्यांना पटलं होतं. बाईंना ते त्यांच्या कानांवरून कळलं. सर अडचणीत आले की त्यांचे कान लाल होत. पण पटणं आणि बदलणं यात अंतर असतं. तीन तुकड्यांचे कागद तपासून झालेत, सर म्हणाले, गुण ऑफिसात गेलेत, सगळ्या मुलांनी तेच लिहिलंय, आता बदललं तर सगळ्यांचेच गुण कापायला लागतील, पालक दारात येतील. मुख्याध्यापकांना विचारा.

मुख्याध्यापक म्हणाले की हा विभागाचा प्रश्न, विभागाने ठराव करावा. विभागात बाई, सर आणि एक तरुण मास्तर एवढीच माणसं, आणि तरुण मास्तर म्हणाला की सर म्हणतील तसं. ऑफिसातल्या कारकुनाने सांगितलं की गुण एकदा भरले की संगणक कुलूप लावतो, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. मुख्याध्यापक म्हणाले की लेखी द्या. बाईंनी लेखी दिलं. कारकुनाने सांगितलं की अर्जावर विभागप्रमुखांची सही नाही. सर म्हणाले, सही करतो, पण आधी ठराव होऊ द्या. बाई आठवडाभर एका दारातून दुसऱ्या दारात जात राहिल्या. घरी भांड्यांचे आवाज वाढले. नवऱ्याने कारण विचारलं नाही, म्हणून त्याच्यावरही चिडल्या.

“मुलांना मात्र इतक्यात काही सांगू नका,” मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. “गोंधळ उडेल.” बाईंनी ते ऐकलं. त्यांना स्वतःलाही ते सोयीचंच वाटलं, असं म्हटलं तर खोटं नाही. पेनवाली रोज पुढच्या बाकावर बसे आणि बाई रोज तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघून शिकवत.

शेवटी वाट सापडली ती बाईंनाच. शाळेत फेरचाचणीची सोय होती. ज्याचा प्रश्न चुकला त्याला एकदाच तसाच दुसरा प्रश्न सोडवून गुण परत मिळवता येत, आणि फेरचाचणीचे गुण भरायला संगणकाचं कुलूप उघडावंच लागे. प्रश्न वर्गशिक्षिकेने काढायचा, तपासायचाही तिनेच. ना ठराव, ना सही. बाईंना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी कारकुनाला चहा पाजला. प्रश्न त्यांनी मुद्दाम जुळा काढला. पंधराशेच्या चाळीस खुर्च्या घेतल्या, पंचवीस खुर्च्या बावीसशेने विकल्या, कर अठरा टक्के. खरेदीवर दहा हजार आठशे, विक्रीवर नऊ हजार नऊशे, देय शून्य, पुढे ओढायचे नऊशे. पेनवाली हे डोळे मिटून करेल. जे तिला आधीच येतंय ते तिला पुन्हा सांगायचं कशाला? बाईंनी तिला निरोप धाडला की शनिवारी फेरचाचणीला बस, आणि गप्प राहिल्या.

शनिवारी मुलगी रिकाम्या वर्गात बसली, लिहून झाल्यावर कागद टेबलावर पालथा ठेवून गेली. बाईंनी तो उलटला आणि आधी त्यांना वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचा कागद आहे. कागद पेन्सिलीने लिहिला होता. दोन ठिकाणी खोडलं होतं, खोडरबराने कागद मळला होता. विकलेल्या पंचवीस खुर्च्यांची खरेदी साडेसदतीस हजार, इनपुट टॅक्स सहा हजार सातशे पन्नास, देय कर तीन हजार एकशे पन्नास. आणि उजव्या रकान्यात, नीटनेटकं: “कारण: माल विकला तेवढाच इनपुट टॅक्स वजा करायचा. वर्कशीट सातची दुरुस्ती बघावी.”

खोडलेल्या जागी कागद उजेडात धरला तर आधीचं उमटत होतं. दहा हजार आठशे. तिने आधी बरोबरच लिहिलं होतं, मग खोडलं होतं.

बाईंना रडू आलं नाही. त्यांना नुसता संताप आला. सरांवर, मुख्याध्यापकांवर, कुलूप लावणाऱ्या त्या यंत्रावर, आणि फिरून फिरून तो संताप त्यांच्याच दारात येऊन उभा राहिला. नवरा म्हणाला, दे की तीन गुण, कोण बघतंय? बाई म्हणाल्या, बरोबर उत्तराचे गुण कापले आणि आता चूक उत्तराला देऊ? मग माझ्याकडे शिकून त्या पोरीने शिकायचं तरी काय?

सोमवारी त्यांनी पेनवालीला थांबवून घेतलं आणि दोन्ही कागद समोर ठेवले.

“आधी दहा हजार आठशे लिहिलं होतंस. का खोडलंस?”

“ते चूक आहे ना, बाई. मागच्या वेळी तुम्हीच चूक दिलं होतं. मी तीनदा लिहून आणलं, तुम्ही सही केलीत.” मुलगी समजावणीच्या सुरात म्हणाली, जणू बाईंनाच गणित अवघड जात होतं. “मला ते पटत नव्हतं, पण म्हटलं, तुम्हाला जास्त कळतं.”

“तू आधी लिहिलं होतंस ते बरोबर होतं.”

मुलीने कागदाकडे बघितलं, मग बाईंकडे. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ती म्हणाली, “म्हणजे वर्कशीट सात पण?”

“वर्कशीट सात पण.”

बाईंनी त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन मूळ कागदाचे तीन गुण मागितले, बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत. तेव्हा कुठे बुधवारी विभागाची बैठक भरली. सरांनी मान खाली घालून चूक कबूल केली आणि ठराव झाला. कारकुनाने तो स्वच्छ अक्षरात लिहिला: वर्कशीट सातमधील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुढील वर्षापासून बदलण्यात यावे. बाईंनी ‘पुढील वर्षापासून’ वर बोट ठेवलं. मुख्याध्यापक म्हणाले की यादी कालच गेली, आता वरातीमागून घोडं नको. यादी फळ्यावर लागली तेव्हा शेवटचं नाव पेनवालीपेक्षा दोन गुणांनी पुढे होतं.

दुपारच्या सुट्टीत पेनवाली शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी आली. हातात दुरुस्तीचा तो जुना कागद होता, तीनदा लिहिलेलं तीन हजार दोनशे चाळीस आणि खाली बाईंची लाल सही. बाईंना वाटलं, रडेल, चिडेल, आईला घेऊन येईल. तिने कागद टेबलावर ठेवला आणि सहीशेजारच्या कोऱ्या रकान्यावर बोट टेकवलं.

“बाई, इथे कारण लिहायचं राहिलंय.”

पलीकडच्या टेबलावर सर होते. त्यांनी वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. बाईंनी पेन घेतलं. मग लिहिलं, “कारण न वाचता उत्तर तपासलं आणि न वाचता सही केली.”

मुलीने ते वाचलं. कागद उचलला नाही.

“हे अर्धंच झालं, बाई. फेरचाचणीचा प्रश्न तुम्ही मुद्दाम तसाच काढलात. म्हणजे तुम्हाला तेव्हा माहीत होतं.”

बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. रकान्यात एका ओळीपुरतीच जागा उरली होती. त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, “माहीत होतं, सांगितलं नाही,” आणि कागद मुलीच्या हातात दिला.